दोन्ही प्रती सारख्या कुठे आहेत? नात्यातलं लग्न आणि दुर्मिळ आजाराच्या जनुकाचा शोध

प्रश्न: आम्ही गोव्यातल्या साखळीचे. माझ्या बहिणीचं लग्न आतेभावाशी झालंय. तिची अकरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा, दोघांचाही चालताना तोल जातो, आणि ते वाढतच चाललंय. सोळा वर्षांचा थोरला अगदी ठणठणीत आहे. मुलीची एक्झोम तपासणी केली, म्हणजे सगळ्या जनुकांचे प्रथिन बनवणारे भाग वाचून घेतले, रिपोर्ट निगेटिव्ह आला. आता डॉक्टर म्हणतात ‘होमोझायगॉसिटी मॅपिंग’ करू, आणि त्यासाठी आई-वडील आणि थोरल्याचंही रक्त मागतात. एवढ्या मोठ्या तपासणीत जे सापडलं नाही ते यात कसं सापडणार? आणि निरोगी मुलाचं रक्त कशाला?

उत्तर:

आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नातून सुरुवात करतो, कारण तो समजला की पहिला आपोआप उलगडतो.

तुमच्या बहिणीचे वडील आणि तिच्या नवऱ्याची आई ही सख्खी भावंडं. म्हणजे त्या दोघांचे आई-वडील हे एकच जोडपं, आणि मुलांच्या दोन्ही बाजूंचे धागे त्यांच्यापाशी एकत्र येतात. या पणजोबा-पणजीकडे प्रत्येक जनुकाच्या मिळून चार प्रती होत्या, प्रत्येकाकडे दोन. त्यातल्या एका प्रतीत बिघाड असेल, तर त्यांना स्वतःला काहीच होत नाही, कारण जोडीची दुसरी प्रत काम भागवते. तीच बिघडलेली प्रत एका बाजूने तुमच्या वडिलांकडून बहिणीकडे आली आणि दुसऱ्या बाजूने तिच्या सासूकडून नवऱ्याकडे, आणि दोघांनीही तीच पुढे मुलाला दिली, तरच मूल आजारी पडतं. दोन्ही वाटा मिळून सहा पायऱ्या होतात. प्रत्येक पायरीला ती प्रत पुढे जाण्याची शक्यता अर्धी. सहा वेळा अर्धं केलं की चौसष्टात एक. प्रती चार असल्यामुळे, कुठल्याही एका जागी मुलाच्या दोन्ही प्रती त्याच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता सोळात एक.

आता महत्त्वाची गोष्ट. जनुक एकटं प्रवास करत नाही. गुणसूत्राचा भलामोठा तुकडा त्याच्यासोबत येतो. पिढीगणिक गुणसूत्रांची अदलाबदल होते आणि तुकडा दोन्ही टोकांनी कापला जातो, पण सहा पायऱ्यांत तो फारसा लहान होत नाही. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या मुलात आजाराच्या जनुकाभोवतीचा असा तुकडा हिशेबाने सरासरी तीन कोटी अक्षरांच्या आसपास निघतो. (डीएनएची अक्षरं म्हणजे ए, टी, जी, सी. एका संचात अशी सुमारे तीनशे कोटी.) या पूर्ण पट्ट्यात मुलाच्या दोन्ही प्रती अक्षरशः सारख्या असतात. इतर ठिकाणी आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली प्रत जागोजाग थोडी वेगळी असते, इथे नसते. म्हणून आजाराचं नाव माहीत नसलं, कुठलं जनुक ते माहीत नसलं, तरी ते कुठल्या भागात असेल हे शोधता येतं: आजारी मुलात जिथे लांबच लांब पट्टा दोन्ही प्रतींत सारखा आहे, तिथेच ते कुठेतरी असलं पाहिजे. हेच होमोझायगॉसिटी मॅपिंग, म्हणजे सारख्या पट्ट्यांचा नकाशा. १९८७ साली एरिक लँडर आणि डेव्हिड बॉटस्टीन या जनुकशास्त्रज्ञांनी ही कल्पना मांडली. एरवी जनुक शोधायला अनेक आजारी माणसांची मोठाली कुटुंबं लागत. नात्यातल्या लग्नातून झालेली मोजकी मुलंही त्यासाठी पुरतात, हे त्यांनी हिशेबाने दाखवलं.

पण आजारी मुलात असा पट्टा एकच नसतो. आजाराशी काही संबंध नसलेले कितीतरी पट्टे असतात, कारण सोळात एक हा नियम प्रत्येक जागेला लागू आहे. हिशेबाने सहा टक्क्यांहून थोडा जास्त भाग सारखा निघायला हवा. प्रत्यक्षात तो जास्त असतो. इंग्लंडमध्ये जेफ्री वूड्स आणि सहकाऱ्यांनी २००६ साली सख्ख्या चुलत-आते-मामे भावंडांच्या आजारी मुलांमध्ये हे मोजलं, तेव्हा सरासरी ११ टक्के भाग सारखा निघाला, आणि प्रत्येक मुलात असे सरासरी २० पट्टे होते. जास्त निघण्याचं कारण असं की त्या घरांत आजी-आजोबांच्या आधीच्या पिढ्यांतही नात्यात लग्नं झालेली होती. आपल्याकडे वेगळं नाही. मामाची मुलगी करायची रीत एका पिढीची नसते, आणि शिवाय जातीतच सोयरीक, ठरावीक गावांतच देणंघेणं. कागदावर एक नातं दिसतं, रक्तात चार असतात.

म्हणजे एकट्या मुलीची तपासणी केली तर वीस पट्टे आणि त्यांत हजारो जनुकं. पुढचं सगळं काम वीसावरून एकावर येण्याचं असतं, आणि त्यासाठीच घरातली बाकीची माणसं लागतात. हे एका कुटुंबाच्या उदाहरणाने सांगतो. ओळख कळू नये म्हणून गाव, वयं आणि आकडे बदललेत. कामाचा क्रम तोच ठेवलाय.

सत्तरी तालुक्यातलं कुटुंब. नवरा-बायको आते-मामे भावंडं. थोरला मुलगा चौदा वर्षांचा, निरोगी. त्यानंतरची मुलगी आणि धाकटा मुलगा, दोघांच्याही बोटांचे सांधे चार-पाच वर्षांच्या वयापासून जाड झालेले, मूठ वळत नाही. मग गुडघे, मग कंबर. लहान मुलांचा संधिवात म्हणून वर्षानुवर्षं औषधं चालू होती, स्टेरॉइडही. गुण नाही. एक्झोम तपासणी झाली होती आणि ‘काही आढळलं नाही’ असा रिपोर्ट होता.

घरातल्या पाचही जणांचं रक्त घेतलं. जांभळ्या टोपणाच्या नळीत दोन-तीन मिली, एवढंच लागतं. त्यातून डीएनए काढून जीनोमभर, म्हणजे माणसाच्या सगळ्या डीएनएभर, पसरलेल्या काही लाख खुणा चिपवर वाचल्या जातात. प्रत्येक खुणेवर माणसाच्या दोन प्रती सारख्या आहेत की वेगळ्या, एवढंच चिप सांगते. संगणक मग सलग सारख्या खुणांचे पट्टे शोधतो.

मुलीत आठ मोठे पट्टे निघाले, भावात सात. दोघांतही सारखे असलेले फक्त तीन: दुसऱ्या गुणसूत्रावर, सहाव्यावर आणि अकराव्यावर. एका आजारी भावंडाने इतकी गाळणी कशी केली? मुलीच्या एखाद्या फुकाच्या, म्हणजे आजाराशी संबंध नसलेल्या, पट्ट्यात भावालाही त्याच दोन प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते: आईकडून अर्धी, वडिलांकडून अर्धी. म्हणून दुसरं आजारी मूल आलं की फुकाच्या पट्ट्यांपैकी साधारण तीन-चतुर्थांश गळतात. आजाराचा पट्टा मात्र गळत नाही.

आता थोरला, ज्याच्या रक्ताबद्दल तुम्ही विचारलंत. जिथे आजारी भावंडांच्या दोन्ही प्रती सारख्या आहेत, नेमक्या तिथेच त्याच्याही तशाच असतील तर ती जागा आजाराची असू शकत नाही, कारण मग तोही आजारी असता. या कुटुंबात अकराव्या गुणसूत्रावरचा अख्खा पट्टा थोरल्यात तसाच निघाला. तो बाद. सहाव्यावरच्या पट्ट्याच्या एका टोकाला साठ लाख अक्षरांपर्यंत तो भावंडांसारखाच होता आणि तिथून पुढे वेगळा. तेवढं टोकही कापलं. खरं सांगायचं तर निरोगी भावंडाची गाळणी आजारी भावंडाइतकी जोरकस नसते, कारण फुकाचा पट्टा त्याच्यामुळे बाद होण्याची शक्यता चारात एकच. पण अशी टोकं कापायला तो फार उपयोगी पडतो. एक अट मात्र आहे: आजार दिसायचं वय त्याने ओलांडलेलं हवं. सांध्यांचा तो आजार साधारण आठव्या वर्षापर्यंत दिसायला लागतो, म्हणून चौदा वर्षांच्या मुलाला निरोगी म्हणता आलं. काही तोलाचे आजार पंधराव्या-सोळाव्या वर्षी किंवा नंतरही सुरू होतात. तुमच्या भाच्याला निरोगी धरून एखादा पट्टा पुसण्याआधी न्यूरॉलॉजिस्टने त्याला नीट तपासलेलं असावं. गुडघ्यावर हातोडी मारून येणारे झटके, डोळे मिटून उभं राहणं, पायाच्या अंगठ्याला कंपन कळणं, एवढं तरी.

आई-वडिलांचं रक्त दोन गोष्टींसाठी लागतं. पहिली, पट्टा खरंच दोघांकडून आलाय का हे पाहायला. कधीकधी गुणसूत्राचा एक तुकडा एका बाजूने गळालेला असतो आणि मुलात तिथे एकच प्रत उरते. चिप तिलाही सारखीच म्हणते, कारण वेगळं दाखवायला दुसरी प्रतच नसते. अशा वेळी त्या खुणांचा सिग्नल निम्म्यावर आलेला असतो आणि मुलाच्या खुणा एका पालकाशी जुळतच नाहीत. दुसरी, नमुन्यांची अदलाबदल झाली नाही ना हे कळायला. नळ्यांवरची नावं चुकण्याचा प्रकार जेवढा वाटतो तेवढा दुर्मिळ नाही, आणि एका चुकलेल्या नळीने अख्खा नकाशा खोटा पडतो.

तर उरले दोन पट्टे, दुसऱ्या आणि सहाव्या गुणसूत्रावर. इथे थांबून पुरावा किती झाला ते मोजायला हवं. एखादी फुकाची जागा पहिल्या आजारी मुलात सारखी निघण्याची शक्यता सोळात एक, दुसऱ्यातही निघण्याची चारात एक, म्हणून दोघांत मिळून चौसष्टात एक. निरोगी भावाने त्यात थोडी भर घातली, तो आकडा पंच्याऐंशीच्या घरात गेला. आम्ही साधारण हजारास एक एवढा पुरावा मिळाल्याशिवाय जागा पक्की मानत नाही, कारण आपण एकच जागा तपासत नसतो, अख्खा जीनोम चाळत असतो, आणि एवढ्या जागांत योगायोग कुठेतरी जमतातच. म्हणजे तीन मुलांचं एक कुटुंब, आई-वडील सख्खी आते-मामे भावंडं असली तरी, एकट्याने पुरत नाही. हे कुणी आधी सांगत नाही आणि मग घरचे निराश होतात.

पुढचा दुवा आजीने दिला. वंशावळ काढायला मी शक्यतो चवथीच्या दिवसांत जातो, कारण मुंबईला, पुण्याला गेलेले सगळे तेव्हा घरी येतात आणि कोण कुणाचं हे जुनी माणसं एकमेकांना दुरुस्त करत सांगतात. ‘डिचोलीच्या त्या पोरीची बोटंही अशीच आहेत,’ असं आजी म्हणाली. लांबचं नातं, नेमकं कसं ते कुणालाच जोडता येईना, पण कुळ एक आणि त्या मुलीचे आई-वडीलही आते-मामे भावंडं. तिचं आणि तिच्या आई-वडिलांचं रक्त मिळालं. दुसऱ्या गुणसूत्रावर तिच्यात काहीच नव्हतं. सहाव्यावर मोठा पट्टा होता आणि पहिल्या कुटुंबाच्या पट्ट्याशी त्याचा एक कोटी दहा लाख अक्षरांचा भाग एकमेकांवर येत होता. तिच्यामुळे पंच्याऐंशीला आणखी सोळाने गुणता आलं: तेराशेच्या पुढे.

यानंतरची पायरी अनेकदा गाळली जाते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात कामाची आहे. दोन्ही घरांत एकाच जागी प्रती सारख्या आहेत, एवढ्यावर थांबायचं नाही. पहिल्या घराची सारखी प्रत आणि दुसऱ्या घराची सारखी प्रत यांची अक्षरं एकमेकांशी जुळतात का, हे खूण-खूण लावून पाहायचं. या दोन घरांत त्या एक कोटी दहा लाखांपैकी सलग सुमारे तीस लाख अक्षरांवर ती तंतोतंत जुळली, बाकी ठिकाणी वेगळी होती. याचा अर्थ दोन्ही घरांना ती प्रत बऱ्याच पिढ्यांमागच्या एकाच पूर्वजाकडून आली आणि मधल्या पिढ्यांनी तिची टोकं झिजवली. जुनं नातं जेवढं लांबचं, तेवढा सामाईक तुकडा छोटा, आणि जनुकाचा पत्ता तेवढा नेमका. पहिल्या घराच्या पट्ट्यात दीडशेच्या आसपास जनुकं होती. आता वीसेक उरली.

इथे एक मोह समोर आला. त्या वीसात ‘फिन’ नावाचं जनुक होतं (रिपोर्टमध्ये FYN). ते टी-पेशींच्या, म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेच्या कामात भाग घेतं. संधिवात हा तर संरक्षण यंत्रणा बिघडण्याचाच आजार. कागदोपत्री सगळं जुळत होतं. पण त्याच्यापासून काही लाख अक्षरांवर CCN6 आहे, ज्याला आधी WISP3 म्हणत. या जनुकातल्या बिघाडाने एक आजार होतो हे १९९९ पासून माहीत आहे: प्रोग्रेसिव्ह स्यूडोऱ्हुमॅटॉइड डिसप्लेझिया. नावातच आहे तसं, दिसतो संधिवातासारखा, पण संधिवात नसतो. तो कूर्चेचा आजार आहे. सांधे जाड होतात ते हाडाची टोकं रुंदावल्यामुळे. सूज मऊ नसते, सांधा गरम लागत नाही, आणि रक्तातले दाह दाखवणारे आकडे, ईएसआर आणि सीआरपी, नॉर्मल येतात.

कुठल्या जनुकावर बोट ठेवायचं हे नकाशा ठरवत नाही. नकाशा फक्त एवढं सांगतो की परत रोग्याकडे जा आणि या वीसांच्या नजरेने पाहा. म्हणून मुलांच्या जुन्या फाइली पुन्हा उघडल्या. इतक्या वर्षांत एकदाही ईएसआर वाढलेला नव्हता, फक्त त्याकडे कुणी थांबून पाहिलं नव्हतं. पाठीच्या कण्याचा बाजूने एक्स-रे कधी काढलाच नव्हता, कारण तक्रार बोटांची होती. तो काढला. मणके चपटे होते, पुढच्या बाजूला चोचीसारखे निमुळते. संधिवातात असं होत नाही.

मग आधीच्या एक्झोमच्या मूळ फाइल मागवल्या आणि CCN6 उघडून पाहिलं. बदल तिथेच होता, २३३व्या अक्षराच्या जागी जी ऐवजी ए: c.233G>A, दोन्ही प्रतींत. भारतीय कुटुंबांत या आजारात वारंवार सापडणाऱ्या बदलांपैकी हा एक. प्रथिनातल्या ७८व्या जागचं सिस्टीन हे अमिनो आम्ल जाऊन तिथे टायरोसीन येतं. सिस्टीनच्या जोड्या एकमेकींना बांधून प्रथिनाची घडी टिकवतात, त्यामुळे एक गेलं की घडीच बसत नाही. मग सगळ्यांच्या रक्तात एवढीच जागा सँगर पद्धतीने वाचून घेतली. तिन्ही आजारी मुलांत दोन्ही प्रती बदललेल्या, चारही पालकांत एकेक, थोरल्या मुलात एक.

आता तुमचा पहिला प्रश्न. एक्झोमने जे वाचलं होतं ते रिपोर्टमध्ये का आलं नाही? कारण प्रयोगशाळेला ‘संधिवात’ असं लिहून पाठवलं होतं, आणि तिने संधिवाताशी संबंधित जनुकांच्या यादीपुरतंच पाहिलं. CCN6 त्या यादीत नव्हतं. एक्झोममध्ये प्रत्येक माणसाचे हजारो बदल निघतात, सगळे हाताने तपासणं शक्य नसतं, म्हणून यादी लावतात. निदान चुकीचं असेल तर यादीही चुकीची लागते. नकाशा निदानावर अवलंबून नसतो. तो फक्त कोण आजारी आणि कोण नाही एवढंच विचारतो, आणि म्हणूनच चुकलेल्या निदानातून बाहेर काढू शकतो. पट्टा हाती आला की त्या भागापुरती यादी बाजूला ठेवून प्रत्येक अक्षर पाहता येतं. एखाद्या ठिकाणी वाचनच झालं नसेल, म्हणजे जनुकाचा तुकडाच गळालेला असेल, तर तेही तिथे नजरेत भरतं. अख्ख्या जीनोमभर अशा रिकाम्या जागा शोधणं फार कठीण जातं.

तुमच्या घराच्या बाबतीत आणखी एक कारण आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तोल जाण्याच्या अनुवंशिक आजारांत सगळ्यात आधी ज्याचा विचार होतो तो फ्रीडराइख अटॅक्सिया. त्यातला बिघाड नवव्या गुणसूत्रावरच्या FXN या जनुकात असतो. पण तो सहसा एखादं अक्षर बदलण्याचा नसतो. जीएए ही तीन अक्षरं जनुकाच्या आतल्या, प्रथिनासाठी न वाचल्या जाणाऱ्या भागात शेकडो वेळा पुन्हा पुन्हा आलेली असतात. एक्झोम तो भाग वाचतच नाही. म्हणजे फ्रीडराइख असूनही एक्झोम निगेटिव्ह येणं हेच अपेक्षित आहे. त्याची वेगळी, स्वस्त तपासणी असते. ती झाली नसेल तर मॅपिंगच्या आधी ती करून घ्या.

दुसरी गोष्ट याहून तातडीची. ट्युनिशियात काही कुटुंबं होती, त्यांतले रोगी हुबेहूब फ्रीडराइखचे वाटत, पण नवव्या गुणसूत्रावर काहीच जुळेना. आई-वडील नात्यातले होते. १९९३ साली याच पद्धतीने, दोन्ही प्रती सारख्या असलेले पट्टे लावून, त्यांच्या आजाराची जागा आठव्या गुणसूत्रावर सापडली. १९९५ मध्ये जनुकही कळलं: TTPA. ते यकृतात व्हिटॅमिन ई रक्तात पाठवणारं प्रथिन बनवतं. ते बिघडलं की जेवणातून कितीही व्हिटॅमिन ई घेतलं तरी रक्तात टिकत नाही आणि मज्जातंतू झिजत जातात. मोठ्या मात्रेत व्हिटॅमिन ई आयुष्यभर दिलं तर आजार पुढे सरकणं थांबू शकतं, आणि जेवढं लवकर सुरू होईल तेवढं जास्त वाचतं. तुमच्या भाच्यांना हाच आजार आहे असं मी म्हणत नाही. पण यासाठी नकाशा लागत नाही, रक्तातलं व्हिटॅमिन ई मोजणारी एक तपासणी पुरते, आणि ती राहून जाता कामा नये.

या दोन तपासण्यांत काही निघालं नाही तर मॅपिंगला जरूर जा. डॉक्टरांकडे जाताना एक्झोमच्या मूळ फाइल (VCF आणि BAM) प्रयोगशाळेकडून लेखी मागून घ्या; छापील रिपोर्ट पुरत नाही. पाचही जणांचं रक्त द्या. वंशावळ दोन्ही बाजूंनी जमेल तितकी मागे न्या, आणि कुळात लांबवर कुणाचा तोल जातो का, कुणी लहानपणीच अंथरुणाला खिळलं होतं का, हे मोठ्या माणसांना विचारा. तशी एखादी व्यक्ती सापडली तर ती आणखी दोन-तीन निरोगी चुलतभावांपेक्षा मोलाची.

काय चुकू शकतं तेही सांगून ठेवतो. नातं आहे म्हणून बिघाड सारख्याच पट्ट्यात असेल असं नेहमीच होत नाही. आई आणि वडील एकाच जनुकातले दोन वेगवेगळे बिघाड बाळगत असतील, तर मूल आजारी पडेल पण तिथे दोन्ही प्रती वेगळ्या दिसतील आणि नकाशा तिथून सरळ पुढे जाईल. दोन्ही भावंडांत सामाईक मोठा पट्टा एकही निघाला नाही, तर मी आधी हीच शंका घेतो. मग भावंडांना आई-वडिलांकडून मिळालेल्या प्रती जिथे जुळतात ते सगळे भाग पाहावे लागतात. त्याचबरोबर लहान पट्टे पुन्हा तपासतो. वूड्स यांच्याच कामात आजाराचा पट्टा सरासरी अडीच कोटी अक्षरांच्या आसपासचा असला, तरी काहींत तो पन्नास लाखांएवढाच होता. गाळणीची जाळी मोठी ठेवली तर तो निसटतो. जाळी फार बारीक ठेवली की उलटी अडचण: दहा-वीस लाखांचे सारखे तुकडे आपल्याकडच्या बंदिस्त सोयरिकीत जवळजवळ प्रत्येकात असतात, निरोगी माणसांतही, आणि त्यांच्या गर्दीत काहीच ओळखू येत नाही. म्हणून त्याच समाजातल्या काही निरोगी, असंबंधित माणसांचे नमुने शेजारी ठेवून पाहणारी प्रयोगशाळा निवडा.

अजून एक, घरातलं. या सगळ्यात बहिणीला कुणी बोल लावत असेल तर त्याला वरचा हिशेब दाखवा. अशा आजारात बिघडलेली प्रत दोघांकडून येते, एकट्या आईकडून नाही, आणि बहुतेक ती आलेली असते पणजोबा-पणजीकडून, जी दोन्ही घरांची आहेत. थोरल्याने आणि इतर भावंडांनी पुढे नात्यातच लग्न ठरवण्याआधी आपण वाहक आहोत का हे तपासावं. जनुक सापडल्यावर ती तपासणी सोपी असते. वर सांगितलेल्या सत्तरीच्या घरात डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टेरॉइड हळूहळू कमी करून थांबवले आणि व्यायाम सुरू केला. तो आजार बरा करणारं औषध नाही, पण नको असलेली औषधं थांबणं हेही त्या मुलांच्या हाडांसाठी लहान नव्हतं.

व्हिटॅमिन ईच्या तपासणीचं रक्त उपाशीपोटी द्या, सोबत कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइडही करा, कारण व्हिटॅमिन ई रक्तातल्या चरबीबरोबर फिरतं आणि तिच्या प्रमाणात वाचावं लागतं. नळी उजेडापासून झाकून पाठवायला सांगा. आणि रक्त देण्याआधी घरात कुणी मुलांना व्हिटॅमिन ईच्या गोळ्या सुरू केल्या असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा, नाहीतर आकडा नॉर्मल दिसेल आणि आजार लपून राहील.